टायटर ६ आला म्हणजे लस वाया गेली का? नर्सिंगच्या विद्यार्थिनींना लसीचं काम समजावून सांगताना

जीएनएमच्या मुली वॉर्डात जायला लागल्या की हिपॅटायटिस बीच्या टायटरचा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीच्या पातळीचा, रिपोर्ट घेऊन कुणीतरी येतंच. "मॅडम, टायटर सहाच आलाय. लस वाया गेली काय माझी?" इम्युनॉलॉजीचा धडा तोवर शिकवून झालेला असतो, परीक्षेत पाचही इम्युनोग्लोब्युलिनची नावं लिहून झालेली असतात, तरी या प्रश्नाचं उत्तर वर्गात निम्म्या जणींना देता येत नाही. रक्तात आज फिरणारी अँटिबॉडी आणि ती पुन्हा बनवण्याची शरीराची तयारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच मनात ठसलेलं नसतं.

कोल्हापूर परिसरातल्या नर्सिंग कॉलेजांत शिकवणाऱ्या ट्यूटर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मंडळींसाठी, आणि स्वतः वाचून समजून घेणाऱ्या मुलींसाठी, हा पाठ कसा घ्यावा ते इथे लिहिते आहे. उदाहरण मुद्दाम हिपॅटायटिस बीच्या लसीचंच घेतलं आहे. ती मुलींनी स्वतःच्या दंडावर घेतलेली असते, तिच्या अँटिबॉडीची पातळी साध्या रक्ततपासणीत आकड्यात मोजता येते, आणि वॉर्डात सुई टोचली तर हा आकडा खरोखर कामाला येतो. दोन तासिका लागतात. एका तासात उरकायचा प्रयत्न केला तर फक्त नावं पाठ होतात.

पहिली पायरी: दंडापासून काखेपर्यंत

फळ्यावर पेशी काढायच्या आधी माणसाचा दंड आणि काख काढा. मोठ्या माणसाला ही लस डेल्टॉइड स्नायूत १ मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रतिजन, एवढी देतात. बाटलीत विषाणू नसतो. यीस्ट पेशींकडून बनवून घेतलेलं विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं एकच प्रथिन असतं, आणि ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या बारीक कणांना चिकटवलेलं असतं. म्हणून या लसीने कावीळ होऊ शकत नाही. हे वाक्य मुलींकडून मोठ्याने म्हणवून घ्या, कारण गावात आई हाच प्रश्न विचारते.

ॲल्युमिनियमचे कण दोन कामं करतात. प्रथिन जागेवर थोडं धरून ठेवतात, आणि त्या जागी हलकी जळजळ निर्माण करून तिथल्या पेशींना जागं करतात. टोचल्यावर दंड दुखतो त्यात या जळजळीचाही वाटा आहे. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. ही लस गोठली की कणांचे गठ्ठे बनतात, प्रथिन नीट चिकटून राहत नाही, आणि पुन्हा वितळवून ती दिली तरी प्रतिसाद कमकुवत येतो. लस साठवायच्या फ्रिजमध्ये, म्हणजे आयएलआरमध्ये, हिपॅटायटिस बी आणि पेंटाव्हॅलंटच्या बाटल्या सगळ्यात थंड असलेल्या तळाशी का ठेवत नाहीत, याचं कारण याच पेशींच्या गोष्टीत आहे. कोल्ड चेनचा धडा आणि हा धडा वेगवेगळे शिकवले की मुलींना दोन्ही कोरडे वाटतात.

आता जागं झाल्यावर पुढे काय होतं ते. स्नायूजवळच्या डेन्ड्रिटिक पेशी प्रथिन गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि लसिकावाहिनीतून काखेतल्या लसिकाग्रंथीत जातात. याला साधारण एक दिवस लागतो. कधी लस दिलेल्या बाजूला काखेत दुखरी गाठ लागते. आजी म्हणते, "अवधाण आलीया पोरीला." ती बरोबरच सांगते. खरा वर्ग तिथे भरलेला असतो. कुल्ल्यावर दिलेल्या हिपॅटायटिस बीच्या डोसला प्रतिसाद कमी येतो, हेही इथेच सांगा. तिथे सुई बऱ्याचदा चरबीत राहते आणि चरबीतून प्रतिजन उचलून नेण्याचं काम नीट होत नाही. मोठ्यांना दंडात आणि बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, असा नियम त्यामुळेच आहे.

दुसरी पायरी: ग्रंथीच्या आतली निवड

कोल्हापुरात "लस शरीराला तालीम देते" असं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाल मातीतला मल्ल येतो. उपमा वापरायला हरकत नाही, पण ती अर्धीच लागू पडते. तालमीत एकच पैलवान रोज घाम गाळून ताकदवान होतो. शरीरात एकच पेशी सराव करून हुशार होत नाही. हजारो पोरांतून ज्याची पकड त्या प्रतिस्पर्ध्यावर बसते तोच पुढच्या फेरीत जातो आणि बाकीचे बाहेर पडतात, असं मैदान डोळ्यांसमोर आणलं तर ते खऱ्याच्या जास्त जवळ जातं. मुलींना हे सांगून झालं की उपमा तिथेच सोडा आणि पेशींकडे या.

आपल्या शरीरात लाखो प्रकारच्या बी-पेशी आधीपासून असतात आणि प्रत्येकीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वेगळ्या आकाराचा असतो. हिपॅटायटिस बीच्या प्रथिनाला ज्यांचा ग्राहक बसतो त्या फार थोड्या. ग्रंथीत प्रथिन आलं की या थोड्या पेशी त्याला चिकटतात. पण एवढ्याने भागत नाही. त्याच प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या साहाय्यक टी-पेशीने दुजोरा द्यावा लागतो. दुजोरा मिळाला की बी-पेशी भराभर दुभागू लागते.

यातल्या काही पेशी लगेच प्लाझ्मा पेशी बनून अँटिबॉडी सोडू लागतात. आधी आयजीएम, मागून आयजीजी. ही पहिली, घाईची अँटिबॉडी असते. बाकीच्या पेशी ग्रंथीतच जर्मिनल सेंटर नावाच्या गोलाकार भागात राहतात. तिथे दुभागताना त्यांच्या ग्राहकाच्या जनुकात मुद्दाम बारीक चुका होतात. बहुतेक चुकांनी पकड बिघडते आणि त्या पेशी मरतात. एखाद्या चुकीने पकड जास्त घट्ट होते, तिला टी-पेशीची मदत जास्त मिळते आणि तिची संतती वाढते. ही चाळणी कित्येक आठवडे चालते.

हा मुद्दा घाईने संपवू नका. ०, १ आणि ६ महिने हे वेळापत्रक का, याचं उत्तर इथेच आहे. दुसरा डोस चार आठवड्यांच्या आत दिला तर पहिल्या डोसची चाळणी अर्धीच झालेली असते. तिसरा डोस काही महिन्यांनी येतो तेव्हा ग्रंथीत घट्ट पकडीच्या स्मृतिपेशी तयार बसलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच पुन्हा वाढतात. सुट्टी आहे म्हणून तिसरा डोस लवकर उरकणं त्यामुळे तोट्याचं ठरतं. उशीर झाला तर मात्र मालिका पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, कारण तयार बसलेल्या पेशी वाट पाहू शकतात.

तिसरी पायरी: दोन वारसदार वेगळे काढा

चाळणीतून शेवटी दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. फळ्याचे उभे दोन भाग करून त्या समोरासमोर लिहा.

डावीकडे दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. त्या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि प्रतिजन समोर नसतानाही अँटिबॉडी सोडत राहतात. इथे मुलींना एक गणित घाला. रक्तातल्या आयजीजीचं अर्धं प्रमाण साधारण २१ दिवसांत संपतं. मग डोस घेऊन पाच वर्षं झालेल्या मुलीचा टायटर ८० कसा? पाच वर्षांपूर्वीची अँटिबॉडी शिल्लक राहूच शकत नाही. म्हणजे कुणीतरी रोज नवीन बनवतं आहे. हे उत्तर त्यांनी स्वतः काढलं की प्लाझ्मा पेशी विसरत नाहीत.

उजवीकडे स्मृती बी-पेशी. या अँटिबॉडी सोडत नाहीत. रक्तात आणि ग्रंथींत गप्प फिरतात. टायटरच्या तपासणीत त्या दिसत नाहीत, कारण ती तपासणी फक्त अँटिबॉडी मोजते. तोच प्रतिजन पुन्हा आला की त्या काही दिवसांत प्लाझ्मा पेशी बनतात. पहिल्या वेळी अँटिबॉडी मोजण्याइतकी व्हायला दीड-दोन आठवडे लागतात. स्मृती असली की तोच चढ आठवड्याच्या आत सुरू होतो आणि कितीतरी उंच जातो.

त्याखाली आलेख काढा. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर टायटर, आणि १० वर एक तुटक रेषा, कारण लसीनंतर १० किंवा त्याहून जास्त टायटर संरक्षणाला पुरेसा मानतात. पहिल्या डोसनंतर बुटका उंचवटा, दुसऱ्यानंतर जरा मोठा, तिसऱ्यानंतर उंच शिखर आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू उतार. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांत पहिल्या डोसने साधारण ३० ते ५५ टक्के लोकच १० च्या वर जातात, दुसऱ्याने सुमारे ७५, आणि तिसऱ्याने ९० च्या वर. "दोन झाले, बास" म्हणणाऱ्या मुलीला हे आकडे दाखवा. १० चं एकक मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर असं आहे आणि रिपोर्टवर ते `mIU/mL` असं छापलेलं असतं.

संज्ञांचा तक्ता

हा तक्ता आलेखानंतर द्या, आधी नाही. पेशी ओळखीच्या झाल्यावर नावं चटकन बसतात. पहिला रकाना परीक्षेचा आणि वॉर्डाचा, दुसरा मराठी पुस्तकांतला आणि समजावण्याचा.

| इंग्रजी संज्ञा | मराठी संज्ञा | एका वाक्यात |
|---|---|---|
| अँटिजेन | प्रतिजन | ज्याला ओळखायचं ते. इथे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन |
| अँटिबॉडी | प्रतिपिंड | प्रतिजनाला चिकटून त्याला निकामी करणारं रक्तातलं प्रथिन |
| ॲडज्युव्हंट | प्रतिसाद वाढवणारं द्रव्य | इथे ॲल्युमिनियमचे कण. गोठले की बिघडतात |
| लिम्फ नोड | लसिकाग्रंथी | पेशींची निवड होते ती जागा. दंडातल्या लसीसाठी काखेतली |
| हेल्पर टी-सेल | साहाय्यक टी-पेशी | बी-पेशीला दुजोरा देणारी |
| ॲफिनिटी मॅच्युरेशन | पकड घट्ट होत जाणं | चाळणीतून चांगल्या ग्राहकाच्या पेशी उरणं |
| प्लाझ्मा सेल | प्रतिपिंड सोडणारी पेशी | काही थोडे दिवस जगतात, काही अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं |
| मेमरी बी-सेल | स्मृती बी-पेशी | गप्प राहते, पुन्हा गाठ पडली की झपाट्याने वाढते |
| मेमरी टी-सेल | स्मृती टी-पेशी | पुढच्या वेळी बी-पेशीला लवकर दुजोरा देते |
| प्रायमरी रिस्पॉन्स | प्राथमिक प्रतिसाद | पहिला, हळू आणि बुटका |
| ॲनॅम्नेस्टिक रिस्पॉन्स | स्मृतिप्रतिसाद | दुसऱ्या भेटीचा, जलद आणि उंच |
| अँटिबॉडी टायटर | प्रतिपिंडांची पातळी | आजच्या रक्तातली मोजणी; स्मृती यात दिसत नाही |
| पॅसिव्ह इम्युनिटी | आयती प्रतिकारशक्ती | दुसऱ्याची अँटिबॉडी टोचून मिळालेली. स्मृती तयार होत नाही |

चौथी पायरी: एक प्रकरण शेवटपर्यंत

आता एक बनवलेलं प्रकरण वर्गापुढे ठेवा. सुजाता, दुसरं वर्ष, वजन ५० किलो. पहिले दोन डोस वेळेवर झाले, तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहून गेला आणि आता वर्ष होऊन गेलंय. सकाळी रक्त घेऊन झाल्यावर सुईला टोपण बसवायला गेली आणि बोटात टोचली. रुग्णाची एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या आवरणाच्या त्याच प्रथिनाची, तपासणी पॉझिटिव्ह.

आधी हात. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. लगेच इन्चार्ज सिस्टरना कळवायचं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा विचार त्याच वेळी होतो. एचआयव्हीचं औषध लागलं तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. इथे आपण फक्त बीपुरतं बोलू.

मुलींना विचारा, सुजाताकडे काय आहे? स्मृतिपेशी असण्याची चांगली शक्यता आहे, पण दोनच डोसांवर खात्री धरता येत नाही. लस न घेतलेल्या माणसाला अशा टोचण्यातून बाधा होण्याचा धोका ६ ते ३० टक्के सांगितला जातो, म्हणून शक्यतेवर सोडत नाहीत. तिला दोन गोष्टी मिळतात. एक हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयती अँटिबॉडी. मात्रा ०.०६ मिली प्रति किलो, तिच्यासाठी ३ मिली. शक्यतो २४ तासांत, आणि सुई टोचलेल्या प्रसंगी जास्तीत जास्त ७ दिवसांत. दुसरी, राहिलेला तिसरा डोस, त्याच दिवशी, वेगळ्या जागी. एक इंजेक्शन आजची गरज भागवतं, दुसरं पुढच्या वर्षांची. फळ्यावरच्या दोन भागांकडे बोट दाखवा, आयती अँटिबॉडी कोणत्या भागात लिहायची ते मुलींनाच सांगू द्या. कुणी उजवीकडे म्हणालं तर पाठ पुन्हा दुसऱ्या पायरीपासून.

मग टायटर कधी? नेहमी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी पाहतात. सुजाताच्या बाबतीत तेव्हा पाहिला तर तो चांगला येईल आणि फसवेल, कारण टोचलेली आयती अँटिबॉडीही त्यात मोजली जाईल. तिला इम्युनोग्लोब्युलिनपासून सुमारे सहा महिने थांबावं लागतं. एचबीएसएजीची तपासणीही लसीच्या डोसनंतर लगेच करू नये. लसीतलंच प्रथिन काही दिवस रक्तात सापडू शकतं आणि मुलीच्या पोटात उगीच गोळा येतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ, टायटर ६. हा आकडा दोन अगदी वेगळ्या मुलींचा असू शकतो. एकीने तीन डोस घेतले, दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा ३४० होता, सहा वर्षांनी ६ झाला. तिच्या अस्थिमज्जेतल्या पेशी कमी झाल्या, स्मृती आहे. निरोगी असेल तर तिला पुढचा डोसही सहसा लागत नाही. दुसरीने तीन डोस घेतले पण तेव्हा तपासलंच नाही, आज पहिल्यांदा पाहिलं आणि ६. ती पहिलीसारखी असेल, किंवा तिच्यात प्रतिसादच आला नसेल. कागदावरून हे ओळखता येत नाही. मग एक डोस द्यायचा आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा पाहायचं. एका डोसवर टायटर १० च्या वर झेपावला तर स्मृती होती. नाही चढला तर उरलेले दोन डोस देऊन दुसरी मालिका पूर्ण करायची. त्यानंतरही १० च्या खाली राहिला तर तिला प्रतिसाद न देणारी म्हणतात. मग तिला आधीच हिपॅटायटिस बी आहे का ते तपासायचं, आणि पुढे कधी सुई टोचली तर आयत्या अँटिबॉडीवरच भिस्त. वय, लठ्ठपणा, धूम्रपान, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजार यांनी प्रतिसाद कमी येण्याची शक्यता वाढते. प्रत्यक्ष निर्णय अर्थात रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचा.

म्हणून वर्गात सवय लावा, कुणी टायटरचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न, "आधी कधी पाहिला होता?"

पाचवी पायरी: स्मृती कुठे पुरत नाही

एवढं शिकवलं की हुशार मुलगी हमखास विचारते, "मग स्मृती असतेच, तर धनुर्वाताचे डोस परत परत कशाला?" हा प्रश्न आला नाही तर तुम्हीच विचारा.

उत्तर वेळेत आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण एक ते सहा महिने जातात. स्मृतिपेशींना जागं व्हायला आठवडा लागला तरी चालतं, त्या शर्यत जिंकतात. धनुर्वाताचा उद्भवकाळ बहुधा ३ ते २१ दिवसांचा, आणि खरा घात करतं ते जंतूंनी सोडलेलं विष. ते चेतातंतूत शिरलं की अँटिबॉडी त्याला गाठू शकत नाही. विषाचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की माणूस मरेल, पण प्रतिकारशक्ती जागी होणार नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते. इथे रक्तात अँटिबॉडी आधीच फिरत असायला हवी, नुसती स्मृती उपयोगाची नाही. शाळेत १० आणि १६ वर्षांना टीडी आणि गरोदरपणात टीडी यामागे हेच गणित आहे. गरोदर बाईच्या बाबतीत तिची अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते. ती बाळाला आयती मिळते, म्हणून काही महिन्यांत संपते, आणि सहाव्या आठवड्याला बाळाचा स्वतःचा पेंटाव्हॅलंट सुरू होतो.

शिरोळ किंवा करवीरच्या उपकेंद्रावर ऊसतोडीचा कोयता लागलेला माणूस येतो तेव्हा हे लगेच कामाला येतं. मातीने माखलेली जखम आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांच्या वर झालेली असतील तर टीडी. आयुष्यात तीन डोस पुरे झालेच नसतील, किंवा त्याला काहीच सांगता येत नसेल, तर टीडीबरोबर वेगळ्या जागी २५० एककं टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन. सुजाताच्या दोन इंजेक्शनांचंच हे दुसरं रूप आहे, ते मुलींनी न सांगता ओळखायला हवं.

समजलं की नाही, ते कसं कळतं

व्याख्या विचारू नका. तीन वाक्यं द्या आणि चूक की बरोबर, का, ते तोंडी विचारा. "टायटर शून्य म्हणजे प्रतिकारशक्ती शून्य." "इम्युनोग्लोब्युलिन दिलं आहे, आता लसीची गरज नाही." "तिसरा डोस वर्षभर उशिरा झाला, आता पहिल्यापासून सुरू करू." तिन्ही चूक आहेत, पण मुलगी कारण काय सांगते ते ऐका. पहिल्या वाक्याला "स्मृतिपेशी असू शकतात" म्हणणारी अर्धी बरोबर. "आधीचा टायटर माहीत असल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि धनुर्वात असेल तर स्मृतीवर थांबता येणार नाही" असं म्हणणारी वॉर्डात पाठवायला तयार आहे.